मनगट जुळलं, प्लास्टर निघालं, आणि तो मेसेज

*"ज्येष्ठ महिलांसाठी महत्त्वाचे!! घसरून मनगट मोडलं तर घाबरू नका. ओल्या फरशीवर पडलं की कुणाचंही मोडतं, त्यात हाडांचा दोष नाही. प्लास्टर निघेपर्यंत हात गळ्यात ठेवा, बोटसुद्धा हलवू नका. एकदा जुळलेलं हाड आधीपेक्षा पक्कं होतं. दोन महिने कॅल्शियमची गोळी आणि रोज डिंकाचा लाडू पुरे. पुन्हा पडू नये म्हणून चालणं-फिरणं कमी करा. आपल्या आईला, सासूबाईंना नक्की पाठवा."*

हा मेसेज मला नेरुळहून आला, आमच्या इमारतीतल्या काकूंच्या धाकट्या बहिणीकडून. खाली एक ओळ जोडलेली होती: "ताईला हे सगळं सांगितलं असतंस तर एवढा खर्च झाला नसता गं." मी ठाण्याच्या नौपाड्यात वीसेक वर्षं फिजिओथेरपी करते. काकूंचा हात पहिल्या आठवड्यापासून माझ्याकडे होता. त्यामुळे उत्तर देणं भागच आहे, आणि ते काकूंच्याच हाताच्या आधाराने देते. त्यांची परवानगी घेतली आहे. "माझं नाव नको, बाकी सगळं लिही," म्हणाल्या.

काकू अडुसष्ट वर्षांच्या. गेल्या जुलैमध्ये पहाटे सहाला बेल वाजली, दूधवाला होता. त्या झोपेतून उठून तडक दाराकडे गेल्या. दारापाशी पाय सरकला आणि तोल सावरायला उजवा हात पुढे टेकला. मनगट पळीसारखं वाकलं. इतकं ठरावीक वाकतं ते, की लांबूनच ओळखू यावं. अंगठ्याच्या बाजूचं हातातलं लांब हाड मनगटाच्या जरा अलीकडे मोडतं आणि पंजाकडचा तुकडा मागे सरकतो. अब्राहम कोलेस या डब्लिनच्या सर्जननी १८१४ मध्ये याचं वर्णन लिहून ठेवलं, तेही क्ष-किरणांचा शोध लागण्याच्या ऐंशी वर्षं आधी, नुसत्या हाताने चाचपून. आजही या मोडीला त्यांचंच नाव आहे.

आता मुद्द्यांकडे. मेसेजचा क्रम सोडून बोटांवरच्या वाक्यापासून सुरुवात करते, कारण सगळ्यात आधी आणि सगळ्यात लवकर नुकसान करतं ते हेच.

प्लास्टर असतं मनगटासाठी. बोटांचा, कोपराचा, खांद्याचा त्यात काही गुन्हा नाही. हात मोडला की पंजात सूज येते. ही सूज काढून टाकणारा पंप म्हणजे बोटांची हालचाल. बोटं गप्प राहिली की ते पाणी सांध्यांच्या आणि शिरांच्या आजूबाजूला साचून राहतं, हळूहळू चिकट होतं आणि बोटं ताठरतात. सहा आठवड्यांनी प्लास्टर निघतं तेव्हा हाड उत्तम जुळलेलं असतं, पण मूठ वळत नाही. दर वर्षी अशा दोन-तीन बायका माझ्याकडे येतात. मनगट चार आठवड्यांत ताळ्यावर येतं, बोटांना मात्र चार-सहा महिने लागतात. काहींची मूठ पूर्वीसारखी वळतच नाही.

म्हणून काकूंना पहिल्या दिवसापासून एकच काम दिलं होतं. जागं असताना दर तासाला दहा वेळा पूर्ण मूठ वळायची, पूर्ण उघडायची, बोटं फाकवायची, अंगठा एकेका बोटाच्या टोकाला लावायचा. दुखतं, पण मोडलेलं हाड यामुळे हलत नाही. एक गोष्ट मात्र बघून घ्यावी लागते. तळहातावर बोटांच्या मुळांच्या जरा खाली जी आडवी रेघ असते, तिच्या अलीकडेच प्लास्टर संपायला हवं. काकूंचं पहिलं प्लास्टर बोटांच्या मुळांपर्यंत गेलं होतं, मूठ अर्ध्यातच अडायची. डॉक्टरांकडे परत पाठवून ते कापून घेतलं, पाच मिनिटांचं काम. हे मागायला लाजू नका.

गळ्यातल्या झोळीचंही तसंच आहे. रस्त्यावर, रिक्षात धक्का लागू नये म्हणून झोळी ठीक. घरात दिवसभर हात गळ्यात बांधून ठेवला तर पंजा छातीखाली लोंबकळतो, सूज वाढते आणि खांदा आखडतो. पहिले चार-पाच दिवस पंजा हृदयापेक्षा उंच हवा. बसल्यावर सोफ्याच्या पाठीवर, झोपल्यावर दोन उशांवर. आणि दिवसातून चार वेळा हात डोक्यावर न्यायचा. खांदा गोठला तर मनगटाचं दुखणं विसराल एवढा तो छळतो.

बांगड्यांचं सांगायलाच हवं, कारण आपल्याकडे हमखास चुकतं. पडल्या-पडल्या, सूज चढायच्या आत, त्या हातातल्या पाटल्या, बांगड्या, अंगठी काढायची. "सवाष्णीचा हात रिकामा कसा" म्हणून थांबलं की दोन तासांनी अंगठी कापावी लागते. काकूंची अंगठी सोनारानेच कापली, तेही हॉस्पिटलच्या दारात उभं राहून.

प्लास्टरमध्ये हात दुखणारच, पण दुखणं दिवसागणिक कमी व्हायला हवं. ते वाढत असेल, बोटं निळसर किंवा पांढरी पडली असतील, अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर होत असतील, किंवा दुसऱ्या कुणी बोट सरळ केलं की जीव कळवळत असेल, तर सकाळची वाट बघायची नाही. प्लास्टर आतून दाबतंय, त्याच रात्री हॉस्पिटल गाठायचं.

दुसरी अडचण प्लास्टरच्या आत चालते, ती दिसत नाही. जागेवर बसवलेला तुकडा पहिल्या दोन आठवड्यांत पुन्हा सरकू शकतो, विशेषतः हाड पोकळ असेल तर. म्हणून एका आठवड्याने आणि दोन आठवड्यांनी परत एक्स-रे काढतात. तीन आठवड्यांनंतर सरकलेलं कळून फारसा उपयोग नाही, तोवर ते तिथेच चिकटायला लागतं. काकूंचा तुकडा आठव्या दिवशी थोडा मागे कललेला दिसला. मुलगा म्हणाला, लगेच प्लेट टाकू. डॉक्टरांनी समजावलं की तरुण माणसात किंवा सांध्यातच तडा गेलेला असता तर त्यांनी ऑपरेशनचाच सल्ला दिला असता. पण पासष्टीच्या पुढे, एवढ्या कलण्याला, वर्षाअखेरीला ऑपरेशनवाल्या आणि प्लास्टरवाल्या हाताच्या कामात फारसा फरक राहत नाही. मनगटावर छोटासा उंचवटा राहील, काम अडणार नाही. काकूंनी उंचवटा पत्करला. कोलेस यांचंही निरीक्षण हेच होतं, की आकार बिघडलेला राहतो पण हात कामाला येतो.

प्लास्टर निघालं त्या दिवशीचा काकूंचा चेहरा मला आठवतो. हात बारीक, साल निघालेली, मनगट लाकडासारखं. मनगट वरखाली करणं लवकर सुधारतं. सगळ्यात हट्टी असतं ते तळहात वर करणं, तीर्थ घेताना करतो तसं. कोपर कमरेला चिकटवून, हातात लाटणं उभं धरून ते हळूहळू बाहेर कलवायचं, हा त्यावरचा माझा आवडता व्यायाम. लाटण्याच्या वजनाने हात थोडा जास्त फिरतो आणि घरात वेगळी वस्तू शोधावी लागत नाही. साधारण आठ आठवड्यांनी काकू पातळ पोळी लाटू लागल्या, तीन महिन्यांनी पाण्याची कळशी उचलली. पिळण्याची ताकद मात्र वर्षभर वाढत राहते. चादर पिळायची घाई नको.

या काळात दोन गोष्टींवर डोळा ठेवायचा. एक, पंजा भाजल्यासारखा दुखणं, कातडी चकचकीत होणं, घाम सुटणं, पदराचा स्पर्शही सहन न होणं. हे नेहमीचं दुखणं नाही. मज्जातंतूंचा बिघडलेला प्रतिसाद आहे आणि लवकर पकडला तर जास्त चांगला आवरतो. दुसरी गोष्ट अंगठ्याची. तळहात टेबलावर पालथा ठेवून नुसता अंगठा वर उचलून बघायचा. काही आठवड्यांनी तो अचानक उचलेनासा झाला तर अंगठा वर ओढणारी स्नायूची दोरी हाडावर घासून तुटली असं समजायचं. गंमत म्हणजे फारशा न सरकलेल्या मोडीतही हे होतं, त्यामुळे "साधा तडाच होता" म्हणून गाफील राहू नये.

आता हाडांना निर्दोष ठरवणाऱ्या वाक्याकडे येते. माझं खरं भांडण इथे आहे.

काकू पडल्या त्या स्वतःच्या उंचीवरून. माळ्यावरून नाही, स्कूटरवरून नाही. त्याच फरशीवर पंचविशीतला मुलगा पडला असता तर बहुतेक वेळा मनगट मुरगळून सुजलं असतं. उभ्या उंचीवरून पडून हाड मोडणं ही हाडाने दिलेली वर्दी आहे. मनगटाजवळचा भाग जाळीदार हाडाचा असतो, मधाच्या पोळ्यासारखा. पाळी गेल्यानंतरच्या वर्षांत ही जाळीच आधी विरळ होते. मणक्यांमध्येही तशीच जाळी आहे आणि खुब्यातही. मनगट आधी मोडतं, याचं एक कारण असं की पन्नाशी-साठीत बाई अजून चपळ असते, पडताना हात पुढे टाकते. पंचाहत्तरीनंतर हात पुढे यायला उशीर होतो, माणूस कुशीवर आपटतो आणि खुबा मोडतो. म्हणजे मनगट मोडतं तेव्हा खुब्याच्या आधी बहुधा काही वर्षं हाताशी असतात. मनगट मोडलेल्या बाईला पुढे आणखी एखादं हाड मोडण्याची शक्यता साधारण दुप्पट असते.

हे तपासायचं कसं? डेक्सा नावाच्या तपासणीत पाठीवर झोपवून कंबरेच्या मणक्यांची आणि खुब्याची घनता मोजतात. दहा-पंधरा मिनिटं लागतात, सुई नाही, किरणांचं प्रमाण अगदी कमी. निकाल येतो तो टी-स्कोअर म्हणून, तरुण बाईच्या हाडापेक्षा तुमचं हाड किती खाली आहे ते सांगणारा आकडा. उणे एकपर्यंत ठीक, उणे अडीच किंवा त्याखाली म्हणजे ऑस्टिओपोरोसिस, मधलं म्हणजे हाड विरळ व्हायला लागलंय. काकू म्हणाल्या, "अगं, पण माझं झालंय की! सोसायटीत कॅम्प होता, 'बरं आहे' म्हणाले." त्या कॅम्पात टाच एका छोट्या मशीनमध्ये ठेवतात. ती टाचेतून ध्वनिलहरी सोडून अंदाज बांधते. त्या कागदावर कुणाला औषध सुरू करू नये, आणि कुणाला बिनधास्त घरी पाठवणंही चूक. काकूंचा डेक्साचा आकडा खुब्यात उणे २.२ आणि मणक्यात उणे २.६ निघाला. उतारवयात मणक्यांना काटे फुटले की मणक्याचा आकडा खोटाच चांगला दिसतो, म्हणून दोन्ही जागांचा आकडा बघायचा.

मग मी एक साधा प्रश्न विचारला. गॅसच्या वरच्या फळीवरचा साखरेचा डबा पूर्वी हाती लागायचा, आता लागतो का? काकू हसल्या. दोन वर्षांपासून छोटं स्टूल घेतात. भिंतीला टेकून उंची मोजली तर त्यांच्या जुन्या पासपोर्टच्या कागदांवर लिहिलेल्या उंचीपेक्षा चार सेंटिमीटर कमी. उंची इतकी घटली की पाठीचा एक्स-रे बाजूने काढायला सांगतात. त्यात मधला एक मणका पुढून चेपलेला निघाला. तो कधी चेपला ते काकूंना आठवतही नव्हतं. बहुतेक बायकांना नाहीच आठवत, "कंबर धरली होती" एवढंच म्हणतात. म्हणजे मनगट ही काकूंची पहिली मोड नव्हतीच. चेपलेला मणका दिसल्यावर ऑस्टिओपोरोसिसबद्दल वाद उरत नाही.

जुळलेल्या जागेच्या पक्केपणाबद्दल थोडक्यात. जुळताना भोवती जो नवा थर येतो तो काही काळ जाड असतो, पुढे शरीर तो घासून मूळ आकाराला आणतं. ही समजूत तिथूनच आली असावी. पण समजा ती जागा खरंच लोखंडाची झाली, तरी पुढची मोड तिथे होणार नाही. ती खुब्यात होईल, मणक्यात होईल, किंवा डाव्या मनगटात.

आता लाडवाकडे. डिंकाच्या लाडवाशी माझं वैर नाही, माझी आई थंडीत करायची आणि मी डब्यातून चोरायचे. खारीक-खसखशीतून त्यात थोडं कॅल्शियम येतं. डिंक स्वतः बहुतेक तंतुमयच असतो. पण अडचण कॅल्शियम कमी-जास्त असण्याची नाहीच. हाड रोज थोडं खणलं जातं आणि रोज थोडं भरलं जातं. पाळी गेल्यावर खणणारे कामगार जोरात आणि भरणारे मागे, असा हिशेब बिघडतो. कॅल्शियम म्हणजे वाळू-सिमेंटचा ट्रक. तो हवाच, पण तो आला म्हणून खणणारे थांबत नाहीत. त्यांना थांबवणारं औषध वेगळं असतं.

कॅल्शियमचा हिशेब काकूंच्या ताटावरून केला. या वयाच्या बाईला दिवसाला अन्न आणि गोळी मिळून साधारण १२०० मिलिग्रॅम लागतं. काकूंच्या दिवसभरात चहातलं धरून पेलाभर दूध, म्हणजे २४०. वाटीभर दही, १५०. नाचणीची एक भाकरी, १४०. डाळ-भाजीतून आणखी दीडशेच्या आसपास. बेरीज ६८०. म्हणजे तूट पाचशेची. एक पाचशेची गोळी दुपारच्या जेवणासोबत, बस्स. दोन-तीन गोळ्या एकदम घेऊन उपयोग नाही, एका वेळी शरीर फार तर पाचशेच नीट शोषतं.

ड जीवनसत्त्वाचं आपल्याकडे दुसरं टोक होतं. उन्हात कुणी जात नाही म्हणून कमतरता खरीच असते. मग कुणीतरी सांगतं, वर्षातून एकदा मोठा डोस घेतला की झालं. ऑस्ट्रेलियात दोन हजारांहून जास्त वयस्कर बायकांवर हेच करून पाहिलं होतं, वर्षाला एकदम पाच लाख युनिट. २०१० मध्ये निकाल आला तेव्हा त्या बायका जास्त पडल्या होत्या आणि त्यांची हाडंही जास्त मोडली होती. रक्त तपासून कमतरता असेल तर डॉक्टर आठवड्याची मात्रा ठरवून देतात, ती पाळावी. शेजारणीची चिठ्ठी आपली नसते.

काकूंना डॉक्टरांनी ॲलेंड्रोनेट ७० मिलिग्रॅमची गोळी दिली, आठवड्यातून एकदा. आधी रक्तातलं कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, किडनी आणि थायरॉइड तपासलं, दातांचं राहिलेलं काम करून घेतलं. किडनी फार कमकुवत असेल किंवा अन्ननलिकेचा त्रास असेल तर ही गोळी चालत नाही, मग दर सहा महिन्यांनी कातडीखाली टोचायचं औषध आहे, आणि किडनी ठीक असेल तर वर्षातून एकदा शिरेतून द्यायचंही. सहा महिन्यांच्या टोचणीत एक मोठी खोच आहे. ती "आता बरं वाटतंय" म्हणून मध्येच बंद करायची नाही. उशीर झाला तर हाडं उलट झपाट्याने विरळ होतात आणि मणके एकामागून एक चेपू शकतात. थांबवायचीच असेल तर तिच्या जागी दुसरं औषध सुरू करून थांबवतात.

गोळीचं काकूंच्या घरी एक महिना चुकलं. ही गोळी रिकाम्या पोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची, नंतर किमान अर्धा तास आडवं व्हायचं नाही, काही खायचं-प्यायचं नाही. काकू ती चहाबरोबर घेत होत्या. चहाच्या दुधात ती जवळजवळ वायाच जाते, आणि आडवं झालं तर अन्ननलिका सोलते. "सकाळी चहाशिवाय अर्धा तास? त्यापेक्षा मनगट मोडलेलं बरं होतं," असं म्हणत त्या शेवटी रविवारी तयार झाल्या, कारण रविवारी चहा काका करतात आणि ते उशिरा उठतात. साधारण पाच वर्षांनी पुढे चालू ठेवायची का ते बघतात. मधल्या काळात मांडीत खोलवर, विनाकारण दुखू लागलं तर लगेच सांगायचं, कारण फार वर्षं घेतल्यावर क्वचित तिथे तडा जातो. क्वचित, हा शब्द नीट वाचा. वाचलेल्या खुब्यांची संख्या त्याच्या कितीतरी पट असते.

शेवटचं वाक्य चालण्याबद्दलचं. काकूंच्या मुलाला ते पटलं होतं. त्याने आईचं तलावपाळीवर फिरणं बंदच केलं होतं. आधी मी त्याला विचारलं, आई का पडली? तो म्हणाला, पाय घसरला. बरोबर. पण रोज त्याच दारापर्यंत त्या जातात, रोज पडत नाहीत.

तो दिवस पुन्हा उभा केला. रात्री मुलगा भिजून आला होता, छत्री दारामागे टेकवलेली, खाली पाण्याचं थारोळं. काकूंच्या पायात चार वर्षांची रबरी चप्पल, तळ काचेसारखा गुळगुळीत. दिवा लावला नव्हता. आणि बेल वाजल्यावर त्या झोपेतून उठून एका दमात निघाल्या होत्या. "उठल्यावर जरा डोळ्यांपुढे अंधारी येते, पण ती सगळ्यांनाच येते ना?" असं त्या अगदी सहज बोलल्या.

ती अंधारी मोजता येते. पाच मिनिटं आडवं पडून रक्तदाब घ्यायचा, मग उभं राहून एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी पुन्हा. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला तर ते पडण्याचं कारण आहे. काकूंचा आडवं असताना १३८ वर ८०, उभं राहिल्यावर ११२ वर ७०. त्यांच्या ब्लडप्रेशरच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध होतं आणि "झोप नीट लागत नाही" म्हणून रात्री एक छोटी गोळी त्या तीन वर्षं घेत होत्या. डॉक्टरांनी पहिलीचं औषध बदललं आणि झोपेची गोळी हळूहळू, काही आठवडे घेत सोडवली. स्वतःच्या मनाने यातलं काहीही बंद करू नये. झोपेची गोळी एकदम सोडली तर त्रास वेगळा आणि मोठा.

आता पाय. खुर्चीत बसून, हात छातीवर घडी घालून, अर्ध्या मिनिटात किती वेळा पूर्ण उभं राहून बसता येतं ते मोजायचं. पासष्ट ते एकोणसत्तर वयाच्या बाईला अकरापेक्षा कमी म्हणजे पाय कमजोर. काकू सात. म्हणजे चालणं बंद केल्याने ज्या मांड्या आणखी बारीक होणार होत्या, त्याच त्यांना पडताना सावरणार होत्या. चालणं कमी करून पडणं टळत नाही. नुसतं चालूनही फारसं टळत नाही, हे सांगितलं की लोकांना आश्चर्य वाटतं. अनेक चाचण्या एकत्र बघून जे दिसतं ते असं की तोल आणि पायांची ताकद वाढवणाऱ्या व्यायामांनी पडण्याचं प्रमाण साधारण चतुर्थांशाने घटतं. अट एवढीच, की व्यायाम दर काही आठवड्यांनी अवघड करत जायचा. तोच सोपा व्यायाम वर्षभर केला तर शरीर त्यातून काही शिकत नाही.

काकूंचं सगळं स्वयंपाकघरात चालतं. ओट्याला पाठ करून नाही, ओट्याकडे तोंड करून, कारण तोल गेला तर धरायला काही हवं. आधी दोन्ही पाय जोडून दहा सेकंद. मग एक पाऊल अर्धं पुढे. मग एका पावलाची टाच दुसऱ्याच्या अंगठ्याला लावून, दोरीवर उभं राहिल्यासारखं. तिसऱ्या पायरीवर काकू पहिल्या दिवशी तीन सेकंद टिकल्या. त्यानंतर खुर्चीतून उठबस, दहाच्या दोन फेऱ्या, आठवड्यातून चार दिवस. पोळीच्या तव्याला गरम व्हायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात एक फेरी होते, हा हिशेब त्यांचाच. बारा आठवड्यांनी अर्ध्या मिनिटात त्या बारा वेळा उठल्या. तलावपाळी पुन्हा सुरू झाली, फक्त पावसाच्या उघडिपीत आणि पट्ट्याच्या बुटात.

घरातल्या गोष्टींसाठी मी स्वतः जाऊन पाहिलं. बाथरूममध्ये काकू टॉवेलची दांडी धरून बसत-उठत होत्या. ती दांडी टॉवेलसाठीच असते, माणसाचं वजन आलं की भिंतीसकट सुटते. रबरी चोषणीने चिकटवायचा हँडल दमट हवेत कधी सुटेल सांगता येत नाही. भिंतीत बोल्ट मारून बसवलेला हवा. पलंगापासून संडासापर्यंत रात्री मंद दिवा. मोकळं सरकणारं पायपुसणं काढून टाकलं. गाऊन घोट्याच्या वर आखूड केला. उठताना आधी पलंगाच्या कडेला बसून दहा वेळा पाऊल वरखाली, मग उभं राहायचं, मग चालायचं. दूधवाल्याला सांगितलं, बेल वाजवू नकोस, पिशवी दाराला लाव. आणि छत्रीसाठी दाराबाहेर एक जुनी बादली.

काकूंच्या बहिणीला मी हे सगळं फोनवर सांगितलं, एवढं लांब नाही. त्या म्हणाल्या, "पण माझं मनगट कुठे मोडलंय?" मग बोलता बोलता निघालं की दोघींची आई शेवटची दोन वर्षं खुब्यामुळे अंथरुणाला होती, बाथरूममध्ये पडली होती. आईचा किंवा वडिलांचा खुबा मोडलेला असला की मुलींचा धोका वाढतो. यांचं वय चौसष्ट. वाशीत डेक्साची वेळ शनिवारी सकाळी अकराची मिळाली. काकू सोबत जाणार आहेत, ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लोकलने, बसायला जागा मिळाली तर.